एका ताऱ्याला शांतपणे उत्तर कसे द्यावे

फोंड्यात घरच्या हॉलमध्ये दहावीच्या गणिताची शिकवणी घेणाऱ्याला गूगल मॅप्सवर एकच तारा मिळाला, तर त्याने आधी देवाचे आभार मानावेत, कारण शून्य तारे देण्याची तिथे सोय नाही. माझ्या वाट्याला आलेल्या अभिप्रायावर गुलाबाचे चित्र आणि ‘पेरेंट गोवा’ हे नाव आहे. मजकूर असा: ‘पोर्शन पुरा करत नाहीत, मुलांवर ओरडतात, पैसे वाया.’ आधीचे नऊही अभिप्राय पाच ताऱ्यांचे होते, त्यामुळे सरासरी ४.६ वर आली.

उत्तर त्याच रात्री, जेवणाआधी लिहावे.

लिहिणारा कोण हे लगेच ओळखावे आणि ‘तुमच्या मुलाला चाचणीत अकरा गुण पडले म्हणून हा राग का?’ असे जाहीर विचारावे. अंदाज चुकला तरी बिघडत नाही. पुढच्या वर्षी मूल घालायला निघालेली प्रत्येक आई ते वाचेल आणि हे सर मुलांचे गुण चव्हाट्यावर मांडतात, एवढे तिला नक्की कळेल.

जुन्या विद्यार्थ्यांकडून एकाच रात्री पाच ताऱ्यांचा पाऊस पाडून घ्यावा. तो बनावट ठरून उडाला, तर पुन्हा पाडावा.

गूगलकडे तक्रार तर अवश्य करावी. खोटे खाते, शिवीगाळ, प्रतिस्पर्ध्याचा अभिप्राय अशी कारणे तिथे चालतात. शिक्षक व पालक यांच्यात खरे कोण, हा निवाडा मात्र गूगल करत नाही, म्हणून ‘मी ओरडत नाही’ हे कारण पुनःपुन्हा लिहून मन मोकळे करावे.

एवढे झाल्यावर उरते ते शांत उत्तर. ते तक्रारदारासाठी नसून त्याच्यानंतर वाचणाऱ्यांसाठी असते, म्हणून त्यात कोणाची ओळख नको, टोमणा नको, तक्रारीतल्या मुद्द्याला एका वाक्यात उत्तर हवे आणि भेटीची वाट मोकळी हवी. मी लिहिले: ‘अभिप्रायाबद्दल आभार. अभ्यासक्रम सरावपरीक्षांपूर्वी पूर्ण केला जातो व त्याचा तक्ता दारावर लावलेला असतो. आपल्या पाल्याची अडचण शिकवणी सुटल्यावर प्रत्यक्ष सांगावी, ही विनंती.’ ओरडण्याबद्दल मी मुद्दाम काही लिहिले नाही, कारण त्याचा इन्कार जितका लांब होतो, तितका तो ओरडण्यासारखाच ऐकू येतो.

प्रत्यक्ष सांगावी! शिकवणी सुटल्यावर मी रोज दारात उभा असतो, तुम्ही स्कूटर बंदसुद्धा न करता मुलाला मागे बसवून निघून जाता. चाचणीची वही सहीसाठी घरी पाठवली, तर ती कोरी परत येते. त्रिकोणमिती अडली आहे म्हणून फोन केला, तर ‘मीटिंगमध्ये आहे, सर’ एवढेच ऐकू येते. तेव्हा बोलायला वेळ नसतो आणि रात्री गुलाबाआड बसून लिहायला मात्र असतो. मी ओरडलो असेन, तर कोणत्या दिवशी आणि कोणावर ते तोंडावर विचारा. फी देताना माझ्यासमोर उभे राहता येते, तर तक्रार करतानाही उभे राहा.