वाटणीपत्रातली किंमत हा तुमचा खरेदी खर्च नव्हे

“वडिलोपार्जित मालमत्तेवर टॅक्स नसतो. भावंडांनी रजिस्टर वाटणीपत्र करा आणि त्यात आजचा बाजारभाव टाका. त्या तारखेला तुम्ही नवे मालक झालात, म्हणून तीच तुमची खरेदी किंमत. बहिणीचं हक्कसोडपत्र विनामोबदला दाखवा, तिला दिलेले पैसे विकताना खर्चात धरा. फरक उरतच नाही, टॅक्स शून्य!”

या सल्ल्यातल्या पहिल्या वाक्यात खऱ्याचा थोडा अंश आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. ग्रामीण भागातली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही, कारण आयकर कायद्याच्या दृष्टीने ती भांडवली मालमत्ताच नाही. ‘ग्रामीण’ म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीबाहेर आणि हद्दीपासून ठरावीक हवाई अंतराच्याही बाहेर. शहराची लोकसंख्या १०,००० ते १ लाख असेल तर हे अंतर २ किलोमीटर, १ ते १० लाख असेल तर ६ आणि त्याहून जास्त असेल तर ८. हद्दीतल्या शहराची लोकसंख्याच १०,००० पेक्षा कमी असेल तर तिथली शेतजमीनही ग्रामीणच धरतात. ही सूट जमीन कुठे आहे यावर मिळते. ती आजोबांची होती की कालच विकत घेतली, याचा इथे काहीही संबंध नाही. गावठाणातलं घर, बिगरशेती प्लॉट, शहरातला फ्लॅट यांना ‘वडिलोपार्जित’ म्हणून कुठलीही सूट नाही.

आता मूळ गफलतीकडे येऊ. वाटणी होते तेव्हा कर लागत नाही हे खरं. पण त्याच कारणामुळे वाटणीतून नवा खरेदी खर्चही तयार होत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ४९(१) स्पष्ट सांगतं की वारसाहक्काने किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाच्या वाटणीतून आलेल्या मालमत्तेचा खर्च म्हणजे आधीच्या मालकाला आलेला खर्च. आधीच्या मालकालाही ती वारशानेच मिळाली असेल तर आणखी मागे जायचं, ज्याने ती खरोखर पैसे देऊन घेतली त्याच्यापर्यंत. वाटणीपत्रात लिहिलेला आकडा मुद्रांक शुल्क ठरवण्यासाठी असतो. तो कोणी कोणाला दिलेला नसतो, म्हणून तो खर्च होऊ शकत नाही.

मूळ मालकाने १ एप्रिल २००१ पूर्वी मालमत्ता घेतली असेल तर त्याने दिलेल्या रकमेऐवजी त्या तारखेचं वाजवी बाजारमूल्य खर्च म्हणून धरता येतं. जमीन आणि इमारतीसाठी २०२० च्या वित्त कायद्याने यावर मर्यादा घातली. त्या तारखेचं मुद्रांक मूल्य उपलब्ध असेल तर बाजारमूल्य त्याहून जास्त धरता येत नाही. महाराष्ट्रात हे मूल्य म्हणजे २००१ च्या रेडी रेकनरचा दर. व्हॅल्युअरने चौरस मीटरला २,५०० रुपये लिहून दिले आणि रेडी रेकनर १,००० सांगत असेल तर वरचे १,५०० कापले जातात. म्हणून व्हॅल्युअरकडे जाण्याआधी त्या वर्षीचा दर मूल्यांकन विभागाकडे लेखी अर्ज करून मिळवावा. वडिलांनी मालमत्ता २००१ नंतर घेतली असेल तर हा पर्याय नाही. मग त्यांचं खरेदीखत शोधायचं आणि त्यातलीच रक्कम धरायची.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. वडिलांनी १९८५ मध्ये शहरात ६०० चौरस मीटरचा मोकळा प्लॉट घेतला. २०१२ मध्ये ते मृत्युपत्र न करता वारले. आई आधीच गेलेली, मागे दोन भाऊ आणि एक बहीण. हिंदू वारसा कायद्याने प्रत्येकाचा हिस्सा एक तृतीयांश. वडिलांची ही स्वकष्टार्जित मालमत्ता होती, म्हणून १९८६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे ती मुलांकडे वैयक्तिक मालमत्ता म्हणून येते. घरात तिला सगळे ‘वडिलोपार्जित’ म्हणत असले तरी कर प्रत्येकाने आपापल्या हिश्श्यावर, आपापल्या रिटर्नमध्ये भरायचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये बहिणीने २४ लाख रुपये घेऊन आपला हिस्सा थोरल्याला हक्कसोडपत्राने दिला. २०१९ च्या वाटणीपत्रात थोरल्याकडे ४०० चौरस मीटर आले, धाकट्याकडे २००, आणि किंमत चौरस मीटरला १२,००० लिहिली गेली. डिसेंबर २०२५ मध्ये दोघांनी आपापले तुकडे २०,००० दराने विकले. २००१ चा रेडी रेकनर दर १,००० धरू. (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. ही विक्री त्याआधीची, म्हणून इथली कलमं जुन्या कायद्यातली आहेत.)

धाकट्याचा हिशोब सोपा आहे. विक्री ४० लाख, खर्च २०० गुणिले १,००० म्हणजे २ लाख, नफा ३८ लाख. १२.५ टक्क्यांनी कर ४.७५ लाख, सरचार्ज आणि सेस वेगळा. वाटणीपत्रातली किंमत धरली असती तर खर्च २४ लाख आणि नफा १६ लाख दिसला असता. म्हणजे २२ लाखांचा नफा दाखवायचा राहिला असता, आणि तपासणीत करासोबत व्याज आणि दंडही आला असता.

तो निवासी करदाता असेल तर दुसरा हिशोबही करून पाहायचा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीवर निवासी व्यक्तीचा कर जुन्या पद्धतीच्या, म्हणजे महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे खर्च वाढवून धरणाऱ्या इंडेक्सेशनसह २० टक्क्यांच्या, करापेक्षा जास्त होऊ शकत नाही. २००१-०२ चा निर्देशांक १००, २०२५-२६ चा ३७६. २ लाखांचे ७.५२ लाख होतात, नफा ३२.४८ लाख आणि कर सुमारे ६.५० लाख. म्हणजे इथे १२.५ टक्केच बरे. इंडेक्सेशन २०१२ पासून नव्हे तर २००१ पासून मोजलं आहे. वारस मालक झाला त्या वर्षापासून न मोजता मूळ मालकाच्या काळापासून मोजायचं, हे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केलं. भाऊ अमेरिकेत किंवा दुबईत राहून अनिवासी झाला असेल तर त्याला ही तुलना करता येत नाही, त्याला सरळ १२.५ टक्के. २००१ चं मूल्य मात्र त्यालाही धरता येतं.

थोरल्याचा तुकडा एक दिसत असला तरी त्याचे दोन खर्च आहेत, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. स्वतःचा वारशाचा २०० चौरस मीटरचा हिस्सा अगदी धाकट्यासारखा: खर्च २ लाख, नफा ३८ लाख. बहिणीचा हिस्सा मात्र त्याने पैसे देऊन घेतला. तिथे खर्च २४ लाख, शिवाय त्या दस्ताचं मुद्रांक आणि नोंदणी शुल्क. मालकीचा काळही नोव्हेंबर २०१८ पासून. या हिश्श्यावर ४० वजा २४ म्हणजे १६ लाख नफा, आणि १२.५ टक्क्यांनी कर २ लाख. इंडेक्सेशनने पाहिलं तर २०१८-१९ चा निर्देशांक २८०, म्हणून २४ लाखांचे सुमारे ३२.२३ लाख होतात, नफा ७.७७ लाख आणि कर १.५५ लाख. या हिश्श्याला जुनी पद्धत स्वस्त पडते. दोन्ही हिस्से वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या मार्गाने आले आहेत. म्हणून आमच्या मते ते रिटर्नमध्येही दोन वेगळ्या ओळींत मांडावेत. सगळं एकत्र करून एकच सरासरी काढली की हा फरक दिसतच नाही.

मालकीच्या काळाचा सापळाही इथेच आहे. वारशाच्या हिश्श्यात वडिलांचा काळ मिळतो, म्हणून वाटणीनंतर दोन महिन्यांत विकला तरी तो दीर्घकालीन. पैसे देऊन घेतलेला हिस्सा मात्र हक्कसोडीपासून २४ महिन्यांच्या आत विकला तर तो अल्पकालीन, आणि नफ्यावर स्लॅबच्या दराने, म्हणजे ३० टक्क्यांपर्यंत कर.

आता विनामोबदला हक्कसोडीबद्दल. मुद्रांक शुल्क नाममात्र राहावं म्हणून दस्तात ‘विनामोबदला’ लिहितात आणि पैसे बाजूने देतात. बहिणीने खरोखर काही न घेता हक्क सोडला असेल तर तिला कर नाही आणि भावालाही नाही, कारण ती जवळची नातेवाईक आहे. पण मग त्या हिश्श्याचा खर्च वडिलांचाच, म्हणजे २ लाखच राहतो. २४ लाख देऊन ‘विनामोबदला’ लिहिलं तर तुमचाच दस्त सांगतो की पैसे दिले नाहीत. थोरल्याचा खर्च २२ लाखांनी घटतो आणि १२.५ टक्क्यांनी २.७५ लाखांचा जादा कर त्याच्यावर येतो. वाचलेल्या मुद्रांक शुल्काच्या समोर हा आकडा ठेवून पाहावा. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने मना आहे, त्याचा दंड घेणाऱ्या बहिणीवर.

मोबदला लिहिला तर बहिणीलाही त्या वर्षी कर आहे, हे तिला आधी सांगणं भावाचं काम. २०१८-१९ मध्ये तिचा खर्च २ लाखांचे २.८ पट, म्हणजे ५.६० लाख. नफा १८.४० लाख, आणि तेव्हाच्या २० टक्क्यांनी कर ३.६८ लाख. हा कर कोणी सोसायचा ते रक्कम ठरवतानाच बोलून घ्यावं, नोटीस आल्यावर नव्हे.

वर सोपेपणासाठी सगळ्या जमिनीला एकच दर धरला. प्रत्यक्षात एकाकडे रस्त्याकडची बाजू येते, दुसऱ्याकडे मागची, तिसऱ्याकडे घर. अशा वेळी एकूण खर्चाचे समान तीन भाग करणं चूक आहे. ज्याच्या वाट्याला जो तुकडा आला त्याचंच २००१ चं मूल्य त्याचा खर्च. घराचं तेव्हाचं घसारा वजा केलेलं मूल्य फक्त घर मिळालेल्याला. १ एप्रिल २००१ नंतर वडिलांनी चढवलेल्या मजल्याचा खर्चही त्यालाच जोडता येतो, बिलं असतील तर. त्याआधीची बांधकामं २००१ च्या मूल्यातच आली, ती पुन्हा जोडायची नाहीत. सगळ्या भावंडांनी मिळून एकाच व्हॅल्युअरकडून संपूर्ण मालमत्तेचा एकच अहवाल घ्यावा आणि त्यात वाटणीच्या नकाशाप्रमाणे प्रत्येक तुकड्याचं मूल्य वेगळं लिहून घ्यावं. तिघांनी तीन अहवाल आणले आणि तुकड्यांची बेरीज पूर्ण प्लॉटच्या मूल्यापेक्षा जास्त भरली, तर एका भावाच्या तपासणीत दुसऱ्याचा आकडाही उघडा पडतो.