दहा-दहा मिनिटांची बेरीज म्हणजे विश्रांती नव्हे

प्रतिक्रिया: "बस ड्रायव्हरला ड्युटीत सलग अर्ध्या तासाची विश्रांती हवी हा तुमचा लेख वाचला. ड्रायव्हरला दर ट्रिपनंतर टर्मिनसवर दहा मिनिटं मिळतातच, चार ट्रिपा झाल्या की चाळीस मिनिटं झाली, मग वेगळा अर्धा तास कशाला पाहिजे? माझा मेव्हणा डेपोत कंट्रोलर आहे, तो म्हणतो ड्रायव्हरलाच ब्रेक नको असतो, त्याला लवकर घरी जायचं असतं. आणि जादा माणसांचे पैसे तुम्ही देणार का? घरी बसून कायदा शिकवणं सोपं आहे. – ऐरोलीचा एक प्रवासी"

नमस्कार. आधी ते शेवटचं वाक्य. मी घरी बसून लिहितो हे तुम्हाला कोणी सांगितलं? माझे वडील बस चालवायचे, आणि मी स्वतः एका बस उपक्रमात शेड्यूलिंगला होतो, ग्राफ पेपरवर पेन्सिलीने ड्युट्या पाडायचो, तेव्हा कॉम्प्युटर नव्हता आणि एक ट्रिप सरकवली की सगळा कागद खोडायला लागायचा. मतभेद असू देत, पण लिहिणारा काय करत होता हे न विचारता त्याची लायकी काढायची ही पद्धत मला पटत नाही आणि ते मी तोंडावर सांगणार.

एक गोष्ट मान्य करतो. तुमचे मेव्हणे म्हणतात ते खरं आहे, बऱ्याच ड्रायव्हरना सलग ड्युटी करून सुटायचं असतं. बदलापूर-पनवेलला राहणारा माणूस अर्धा तास आधी सुटला तर त्याला एक लोकल आधीची मिळते. त्यात त्याचं काही चुकत नाही. पण त्याला नको आहे म्हणून ब्रेक कागदावरून काढायचा का, तर नाही, कारण त्याच्या मागे साठ माणसं बसलेली असतात.

आता तुमच्या दहा मिनिटांवर येतो. १९६१च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्टमध्ये ज्या मर्यादा घातल्या त्या धरूनच आपल्याकडे ड्युट्या पडत आल्या. साधारण दिवशी आठ तास काम, सलग पाच तासांच्या वर नाही, त्याआधी किमान अर्धा तास विश्रांती. आणि त्याच कायद्यात कामाचे तास म्हणजे काय तेही लिहिलं होतं: टर्मिनसवर पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळ नुसतं थांबणं हे काम. गाडी ताब्यात घेणं, कॅश भरणं, सह्या करणं हेही काम. म्हणजे तुमची चारही दहा मिनिटं कामाच्या खात्यात जातात, विश्रांतीच्या खात्यात शून्य. आणि ते बरोबरच आहे, कारण त्या दहा मिनिटांत माणूस पुढची वेळ बघत उभा असतो, पॅसेंजर दारात असतात, लघवीला जायचं तरी पळत जावं लागतं.

याने शेड्यूलचं काय होतं ते एका ड्युटीवर मांडतो, आकडे मी समजायला घेतलेत. वाशी ते ठाणे स्टेशन, डेपो वाशीच्या बाजूला. सहाला साइन ऑन, म्हणजे ड्युटीवर हजेरी, ६.४० ला वाशीहून पहिली ट्रिप, ७.३५ ला ठाणे. दहा मिनिटं. ७.४५ ला सुटून गर्दीत ८.५० ला वाशी. ९ ला सुटून १०.०५ ला ठाणे. १०.१५ ला सुटून ११.१५ ला वाशी. आता आठ तासांत एकच ब्रेक असेल तर तो कुठे बसतो बघा. सलग पाच तासांच्या वर नको, म्हणून ११ च्या आत सुरू झाला पाहिजे. पण फार लवकर घेतला तर उरलेलं काम पाच तासांच्या वर जातं, म्हणून निदान तीन तास काम आधी झालं पाहिजे, म्हणजे ९ च्या नंतर. जागा ९ ते ११ एवढीच. आणि गाडी वाशीला कधी येते? ८.५० ला, दहा मिनिटं लवकर, आणि ११.१५ ला, पंधरा मिनिटं उशिरा. मधल्या जागेत ती फक्त १०.०५ ला ठाण्याला असते, जिथे स्टेशनबाहेर बस अर्धा तास उभी करायला कोणी देत नाही.

इथे मग काय करतात ते मी डोळ्यांनी बघितलंय आणि एका साहेबांशी त्यावरून माझं वाजलंही होतं. रनिंग टाइम, म्हणजे एका ट्रिपला धरलेला वेळ, कापतात. सरळ प्रत्येक ट्रिप पन्नास मिनिटांची लिहायची, सकाळी सहाला पण पन्नास आणि नऊच्या ट्रॅफिकमध्ये पण पन्नास. मग कागदावर चौथी ट्रिप १०.३० ला वाशीला संपते, १०.३० ते ११ ब्रेक, सगळं कायद्यात, सही करून मोकळे. रस्त्यावर मात्र पहिली ७.३५ ला पोचते, कागदाप्रमाणे ७.४० ला लगेच सुटते, ८.४५ ला वाशी, तोवर सुटायची वेळ ८.४० होऊन गेली म्हणून तशीच फिरवायची, ९.५० ला ठाणे, तशीच परत, १०.५० ला वाशी. कागदावरचा अर्धा तास दहा मिनिटांचा झाला आणि तुम्ही ज्या दहा-दहा मिनिटांची बेरीज करताय त्यातली पहिल्यांदा फक्त पाच उरली, नंतर एकही नाही. म्हणजे तुमची चाळीस मिनिटं मुळात अस्तित्वातच नाहीत! हे ओळखायचं कसं, तर चार्टवर दिवसभर एकच रनिंग टाइम दिसला की समजायचं. टर्मिनसला गाडी खरोखर कधी लागली त्या नोंदी शेजारी ठेवा, लगेच कळतं.

उपाय आहे, आणि तो म्हणजे गाडीची विश्रांती आणि माणसाची विश्रांती वेगळी करायची. दर पंधरा मिनिटांनी गाडी असेल तर १०.०५ ला ठाण्याला आलेला ड्रायव्हर खाली उतरतो, त्याची गाडी १०.१५ ला दुसरा घेऊन जातो, हा १०.४५ ची घेतो. चाळीस मिनिटं मिळाली आणि बस एक मिनिट जादा उभी राहिली नाही. मागून १०.२० ला आलेला ११ ची घेतो, असं सरकत जातं. यासाठी त्या वेळात किती माणसं जादा लागतात? दोन. १०.१५ आणि १०.३० ची गाडी काढायला. कंडक्टरचंही तसंच. ठाण्याला पार्किंग नको, एक खोली, पंखा आणि स्वच्छ संडास पाहिजे. अर्थात तासाला एक गाडी असलेल्या रूटवर हे जमत नाही, तिथे ब्रेक डेपोच्या बाजूलाच पाडायला लागतो आणि त्यासाठी ट्रिपांचा क्रम बदलावा लागतो.

पैसे कोण देणार हा प्रश्न मला विचारू नका, मी बजेट बनवत नाही. दोन माणसं किती महाग पडतात ते मेव्हण्यांना विचारा.

त्यांच्याकडून अजून एक काम करा. त्यांच्या डेपोतल्या कुठल्याही एका सकाळच्या ड्युटीचा चार्ट आणि त्याच दिवशीच्या टर्मिनसच्या नोंदी, नावं झाकून, मला पाठवा. मी दोन्ही इथेच शेजारी मांडतो. फक्त पुढच्या वेळी लिहिताना भाषा जरा जपून वापरा.