जिन्यातला दिवा आणि एक्सॉर

«एका परसेप्ट्रॉनला एक्सॉर जमत नाही, कारण डेटा फक्त चार ओळींचा. इपॉक वाढवा, लर्निंग रेट कमी करा, जमेल. हिडन लेयरने जमतं तेही वजनांची संख्या वाढते म्हणून.»

असं म्हणणारे भेटतात, पण ते खरं नाही. परसेप्ट्रॉन म्हणजे एकच कृत्रिम न्यूरॉन. अँड आणि ऑर यांच्याकडेही चारच ओळी असतात, आणि ते तर परसेप्ट्रॉन काही फेऱ्यांत, म्हणजे इपॉकमध्ये, शिकतो. तेव्हा ओळी मोजून काही कळणार नाही. त्यापेक्षा जिन्यातला दिवा घ्या. खाली एक बटण, वर एक. दोन्ही सारखी असतील तर दिवा बंद, वेगळी असतील तर चालू. हाच एक्सॉर.

परसेप्ट्रॉनचा दिवा `w1·x + w2·y + b > 0` असेल तरच लागतो; `x`, `y` म्हणजे बटणं, `w1`, `w2` वजनं आणि `b` बायस. दोन्ही बटणं 0 असताना तो बंद हवा, म्हणून `b ≤ 0`. एकेक बटण 1 असताना चालू हवा, म्हणून `w1 + b > 0` आणि `w2 + b > 0`. या दोघांची बेरीज केली की `w1 + w2 + 2b > 0`. पण दोन्ही 1 असताना पुन्हा बंद हवा: `w1 + w2 + b ≤ 0`. वजाबाकी करा, `b > 0` उरतं. सुरुवातीला तर `b ≤ 0` म्हटलं होतं! अशी वजनं अस्तित्वातच नाहीत, मग ती शोधायला कितीही इपॉक द्या.

विश्वास नसेल तर कागदावर चालवून बघा. सगळं शून्यापासून, लर्निंग रेट, म्हणजे दुरुस्तीचं पाऊल, 1, ओळींचा क्रम 00, 01, 10, 11. दुसऱ्या फेरीअखेर वजनं -1 आणि 0, बायस 1. तिसऱ्या फेरीत चारही ओळी चुकतात, आणि फेरी संपताना हातात पुन्हा -1, 0, 1. घाण्याचा बैल. शून्यापासून निघाल्यावर रेट 0.01 केला तरी हेच आकडे शंभरपट लहान होऊन फिरतात, दुसरं काही नाही.

राहिली हिडन लेयर, म्हणजे इनपुट आणि आउटपुट यांच्यामधला न्यूरॉनांचा थर. दोन न्यूरॉन घ्या:

```
h1 = (x + y - 0.5 > 0)
h2 = (x + y - 1.5 > 0)
out = (h1 - h2 - 0.5 > 0)
```

`h1` म्हणतो «निदान एक चालू», `h2` म्हणतो «दोन्ही चालू». आता 01 आणि 10 हे समोरासमोरचे कोपरे `(1,0)` या एकाच बिंदूवर येतात. 00 जातो `(0,0)` वर, 11 जातो `(1,1)` वर. या तिघांत सरळ रेघ आरामात बसते.

बायस धरून वजनं 3 वरून 9 झाली हे खरं, पण श्रेय त्यांचं नाही. `h1`, `h2` मधली `> 0` ची पायरी काढून नुसती बेरीज पुढे पाठवा: 9 वजनं असूनही सगळं मिळून पुन्हा `x`, `y` ची एकच सरळ रेघ होते, आणि वरची वजाबाकी तिलाही लागू पडते.

ही वजनं मी हाताने बसवली आहेत. ग्रेडियंटने शिकवायची तर पायरीला उतार नसतो, म्हणून तिच्या जागी सिग्मॉइडसारखं गुळगुळीत फंक्शन लागतं. शिवाय दोन्ही हिडन न्यूरॉन आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या अगदी सारख्या वजनांनी सुरू केले तर ते शेवटपर्यंत जुळेच राहतात, आणि एक्सॉर पुन्हा अडतो.