एनओसी हवी? मग लिफ्टला हातभार लावा

फ्लॅट आपला, कर्ज फेडलेलं, मेंटेनन्स कधी थकलेला नाही. तरी तो विकायचा म्हटलं की सेक्रेटरी नावाच्या गृहस्थासमोर हात जोडून उभं राहायचं. का? तर त्यांच्या टेबलाच्या खणात सोसायटीचा रबरी शिक्का आहे म्हणून!

कोथरूडमधला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आम्ही विकायला काढला. गिऱ्हाईक चांगलं मिळालं, हिंजवडीत नोकरी करणारं जोडपं. ८४ लाखांना सौदा ठरला, त्यातले ६० लाख बँकेचं कर्ज. करारनामा रजिस्टर झाला, मुद्रांक शुल्क भरून झालं, टीडीएस कापला गेला. ज्या सरकारी कामाची धास्ती घेतली होती ते बिनबोभाट पार पडलं. घोडं अडलं ते आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर, पार्किंगशेजारच्या त्या आठ बाय दहाच्या ऑफिसात.

बँकेने पैसे सोडायच्या आधी दोन गोष्टी मागितल्या. एक, सोसायटीचं ना हरकत पत्र. दोन, मूळ शेअर सर्टिफिकेट. ऑफिस फक्त रविवारी सकाळी उघडतं. सेक्रेटरी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, कपाटातून एक फाइल काढली आणि त्यातला एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. "यावर सही करा, म्हणजे कमिटीपुढे विषय घेतो."

कागदावर काय होतं? "मी, सदनिका क्रमांक ____ चा सभासद, स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय सोसायटीच्या लिफ्ट नूतनीकरण निधीस रुपये ७५,००० देत आहे." फ्लॅट नंबरची जागा रिकामी. रक्कम मात्र छापलेली! म्हणजे स्वखुशी माझी आणि आकडा त्यांचा. फाइलमध्ये खाली तसलेच आणखी कोरे कागद दिसत होते. एवढी स्वखुशी घाऊक भावात छापून ठेवणारी सोसायटी पुण्यात आमची एकटीच नसणार, याची मला खात्री आहे.

मी म्हटलं, "काका, हस्तांतरणाचा प्रीमियम तर मी भरणारच आहे. हे काय वेगळं?" तर म्हणाले, "अहो, तुम्ही विकून मोकळे होणार. आम्हाला इथे राहायचंय. लिफ्ट बदलायला नको का?" लिफ्ट बदला ना! सर्वसाधारण सभेत ठराव करा, सगळ्यांकडून वर्गणी काढा. जो माणूस उद्यापासून त्या लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही त्याच्याकडूनच पैसे काढायचे, हा कुठला न्याय?

आता नियम काय म्हणतो ते सांगतो, कारण आमच्या सोसायटीने आदर्श उपविधीच स्वीकारलेले आहेत आणि त्याचं पुस्तक काकांच्या पाठीमागच्या कपाटात धूळ खात पडलंय. उपविधी क्रमांक ३८ हस्तांतरणाचा. सभासदाने पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, मग रजिस्टर झालेला करारनामा, राजीनामा, नव्या माणसाचा सभासदत्वाचा अर्ज आणि शेअर सर्टिफिकेट जोडून हस्तांतरणाचा अर्ज करायचा. हस्तांतरण फी ५०० रुपये, प्रवेश फी १०० रुपये. प्रीमियम किती, हे सर्वसाधारण सभेने ठरवायचं, पण सरकारने घातलेल्या मर्यादेत. महापालिका हद्दीत ती मर्यादा २५,००० रुपये आहे, २००१ सालापासून. फ्लॅट ८४ लाखांना जावो नाहीतर चार कोटींना, २५,००० च्या वर एक रुपया नाही. आणि त्याच उपविधीत स्वच्छ लिहिलंय की देणगी, निधी किंवा इतर कुठल्याही सबबीखाली विकणाऱ्याकडून वा घेणाऱ्याकडून जादा रक्कम घेता येणार नाही.

म्हणजे माझा हिशेब २५,६०० रुपयांवर संपतो. काकांचा एक लाख सहाशेवर जातो.

आणि खरी गंमत पुढे आहे. त्याच ३८ मध्ये असंही लिहिलंय की शेअर्स आणि हक्क हस्तांतरित करायला सोसायटीच्या ना हरकत पत्राची गरजच नाही! कुणाला हवं असेल तर त्याने अर्ज करावा आणि कमिटीने महिन्याभरात त्यावर विचार करावा, बस. म्हणजे ज्या कागदावरून माझा रक्तदाब वाढला तो कायद्याने लागतच नाही. पण हे बँकेला कोण सांगणार? बँकेच्या यादीत तो कागद आहे, म्हणजे तो लागतो. यादीबाहेर विचार करायला तिथला माणूस बसलेला नाही. (त्याच बँकेने माझ्या मेहुण्याकडेही शेअर सर्टिफिकेट मागितलं होतं. त्याची इमारत सोसायटी नाही, अपार्टमेंट कंडोमिनियम आहे. तिथे शेअर्स नसतात, अपार्टमेंट डीड असतं. पुण्यात अशा इमारती गल्लोगल्ली आहेत, तरी समजावता समजावता त्याच्या नाकी नऊ आले.)

कमिटीची सगळी ताकद या फटीत आहे. त्यांना नकार द्यावाच लागत नाही. नकार दिला तर लेखी द्यावा लागेल, कारण सांगावं लागेल, आणि मग मी उपनिबंधकांकडे जाईन. म्हणून ते नकार देत नाहीत, नुसते थांबतात. "मीटिंग व्हायचीय." "चेअरमन गावाला गेलेत." "बँकेच्या मसुद्यातली ही ओळ आम्हाला मान्य नाही, वकिलांना विचारतो." इकडे करारनाम्यातली पैसे द्यायची तारीख जवळ येते, कर्जमंजुरीची मुदत सरकत जाते, त्या बिचाऱ्या मुलीचा रोज फोन, "काका, काही झालं का?" आणि आपल्या डोक्यात हिशेब सुरू होतो की ८४ लाखांच्या व्यवहारात ७५ हजार म्हणजे काय, टाकावेत तोंडावर आणि सुटावं. नेमका हाच हिशेब त्यांनी आधीच करून ठेवलेला असतो.

मसुद्यातल्या त्या ओळीबद्दल मात्र काकांचं अगदीच चुकत नव्हतं, हे कबूल. बँकेला हवं होतं की सोसायटीने त्यांच्या बोजाची नोंद घ्यावी आणि त्यांच्या परवानगीशिवाय पुढे हस्तांतरण करू नये. एवढ्या ओळीवर कमिटीने विचार केला तर माझी काही तक्रार नाही. पण ७५ हजारांच्या कागदावर सही झाल्याबरोबर ती ओळ मान्य होणार होती, हेही काकांनी सुचवलंच की.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. आता शेअर सर्टिफिकेट.

हा फ्लॅट आम्ही २०११ मध्ये पहिल्या मालकाकडून घेतला. सर्टिफिकेटच्या पुढच्या बाजूला त्यांचं नाव, पाच शेअर्स, त्यांचे क्रमांक, सोसायटीची मोहोर. मागच्या बाजूला हस्तांतरणाचा तक्ता असतो. तारीख, नव्या सभासदाचं नाव, नोंदवहीतला क्रमांक आणि चेअरमन, सेक्रेटरी व एका कमिटी सदस्याच्या सह्या. माझं नाव तिथे आहे. तारीख आहे. चेअरमनची झोकदार निळी सही आहे, कमिटी सदस्याची आहे. मधला रकाना, सेक्रेटरीचा, कोरा! बँकेच्या वकिलाने कागद पालटला आणि पहिलं बोट तिथेच ठेवलं. "हे हस्तांतरण अपूर्ण दिसतंय."

तेव्हाचे सेक्रेटरी केव्हाच फ्लॅट विकून मुलाकडे परदेशी गेले. हे सर्टिफिकेट मी फी भरून, पावती घेऊन सोसायटीकडे दिलं होतं आणि सोसायटीनेच ते पूर्ण झालं म्हणून परत दिलं. पण आताचे काका म्हणतात, "ती कमिटी वेगळी होती. त्यांच्या काळातल्या कागदावर मी कशी सही करू?"

अहो, कमिटी वेगळी असेल, सोसायटी तर तीच आहे ना? सोसायटी म्हणजे तुम्ही पाच जण नव्हे. इतकी वर्षं मला सभासद म्हणून मेंटेनन्सची बिलं पाठवली, सभेच्या नोटिसा पाठवल्या, एका निवडणुकीत माझं मतही तुम्हीच मागायला आला होतात. तेव्हा मी सभासद होतो, आणि आता मागच्या बाजूला एक रकाना कोरा आहे म्हणून नाही?

उपाय साधा होता. सभासदांची 'आय' नमुन्यातली नोंदवही काढायची, त्यात माझं नाव आहे का ते बघायचं. २०११ च्या इतिवृत्तात हस्तांतरण मंजूर केल्याचा ठराव शोधायचा. दोन्ही असतील तर आताच्या कमिटीने त्या ठरावाचा हवाला देऊन राहिलेली सही पुरी करायची आणि तशी नोंद इतिवृत्तात घ्यायची. माझं नाव नोंदवहीत होतं आणि ठरावही होता. मी स्वतः त्या ऑफिसात बसून, धुळीने शिंकत शिंकत, तो शोधून दिला. तरी उत्तर एकच, "मीटिंगमध्ये बघू."

मग मी तोंडी बोलणं बंद केलं. अर्ज लिहिला. त्यात ३८ चा उल्लेख, २५,६०० चा हिशेब, ठरावाची तारीख आणि एक सरळ प्रश्न: ७५,००० रुपये कोणत्या उपविधीखाली मागत आहात ते लेखी कळवावं. काकांनी पोच द्यायला नकार दिला. "असले अर्ज आम्ही घेत नाही." ठीक. तोच अर्ज पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने सोसायटीच्या पत्त्यावर पाठवला, खाली "प्रत: उपनिबंधक, सहकारी संस्था" असं लिहून. तेव्हा कुठे गावाला गेलेले चेअरमन परत आले, आणि ज्या कमिटीची मीटिंग होत नव्हती तिची मीटिंग झाली.

ना हरकत पत्र मिळालं. बँकेच्या मसुद्यात, त्या ओळीसकट. लिफ्टचा विषय कुणीच काढला नाही. प्रीमियमचा चेक दिला आणि पावती मागितली, तर काकांनी अशा चेहऱ्याने पावती फाडली की जणू त्यांच्या पेन्शनीतून ती रक्कम कापली जातेय. सर्टिफिकेटवरची सही मात्र अजून व्हायचीय, कारण म्हणे शाईचं पॅड सुकलंय आणि शिक्क्याशिवाय सही करायची पद्धत नाही. पॅड मी आणून देतो म्हटलं. ते म्हणाले, "तशी गरज नाही, खरेदीला मंजुरी घ्यावी लागेल."

तीस रुपयांचं पॅड!

त्या जोडप्याला मी सांगून ठेवलंय. सर्टिफिकेट नाव चढवायला दिलंत की दोन्ही बाजूंची झेरॉक्स ठेवा, पोच घ्या, आणि परत हातात आलं की ऑफिसच्या दारातच पालटून तिन्ही सह्या मोजा. तुमच्याकडे कुणी लिफ्टचा विषय काढलाच, तर माझ्या अर्जाची प्रत तुम्हाला पाठवलेली आहे, फक्त वरचं नाव बदला.