साठ मीटर वायर आणि बत्तीसची एमसीबी: मांडवाच्या विजेबद्दलच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

«हल्ली सगळे दिवे एलईडीचे असतात, त्यामुळे मांडवाला लोड असा नसतोच, दीड एमएमची वायर कितीही लांब ओढा, चालते. एमसीबी पडत असेल तर एक नंबर मोठी बसवा. आणि एमसीबी असून अर्थिंगचा रॉड ठोकलेला असेल, तर शॉकची भीती नाही.»

हा सल्ला सणाच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत हातोहात फिरतो. त्यातला लोडचा भाग अर्धा खरा आहे आणि म्हणूनच उरलेला भाग पटतो. एलईडीमुळे दिव्यांचा लोड पूर्वीच्या हॅलोजनच्या मानाने खूपच कमी झाला आहे, हे मान्य. मात्र वायरची जाडी केवळ वॉटवर ठरत नाही. ती प्रत्यक्ष वाहणाऱ्या अँपिअरवर, अंतरावर आणि बिघाड झाल्यावर एमसीबी किती लवकर पडेल यावर ठरते, आणि यातली तिसरी गोष्ट मांडवात जवळजवळ कोणीच तपासत नाही.

एक साधे स्टेज घेऊ. प्रत्येकी १५० वॉटचे बारा पार लाइट म्हणजे १,८०० वॉट, आणि ध्वनियंत्रणेचे ६०० वॉट, असे एकूण २,४०० वॉट. याला २३० व्होल्टने भागले तर साडेदहा अँपिअरच्या आत उत्तर येते आणि बहुतेक जण इथेच थांबतात. पण एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा, म्हणजे ड्रायव्हरचा, पॉवर फॅक्टर बऱ्याचदा एकापेक्षा कमी असतो; म्हणजे ओढलेला सगळा करंट कामाला येत नाही. तो ०.८ धरला तर हाच लोड सुमारे १३ अँपिअर घेतो. स्वस्त माळांचा पॉवर फॅक्टर याहूनही कमी असू शकतो, म्हणून सगळे दिवे लावून क्लॅम्प मीटरने करंट मोजणे हाच भरवशाचा मार्ग.

आता मीटरपासून स्टेज ६० मीटर दूर आहे असे समजा. दीड एमएमच्या लवचिक तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला १३.३ ओहम असतो. जाणारी आणि येणारी मिळून १२० मीटर वायर होते, म्हणजे रोध १.६ ओहम. १३ अँपिअरला वीस व्होल्टच्या जवळपास दाब वाटेतच जातो आणि सुमारे २७० वॉट उष्णता वायरमध्ये तयार होते. स्विचिंग सप्लायवर चालणारी उपकरणे दाब कमी झाला की तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी आणखी करंट ओढतात, त्यामुळे परिस्थिती स्वतःहून सुधारत नाही. ६० मीटरभर मोकळी पसरलेली वायर ही उष्णता सोसते. पण उरलेली वायर गुंडाळी करून स्टेजखाली, कापडाआड ठेवली, तर तिथली उष्णता बाहेर पडत नाही आणि इन्सुलेशन मऊ होऊ लागते. स्टेजवरचे दिवे मंद वाटले किंवा गुंडाळी हाताला गरम लागली, तर तो याचाच पुरावा समजावा.

खरा धोका दुसऱ्या मुद्द्यात आहे. एमसीबी वारंवार पडण्याची नेहमीची कारणे दोन असतात आणि त्यांवरचे उपाय वेगळे आहेत. दिवे लावताक्षणीच ती पडत असेल, तर सर्व ड्रायव्हरचे कपॅसिटर एकदम भरताना क्षणभर उसळणारा करंट हे कारण असू शकते. अशा वेळी दिवे टप्प्याटप्प्याने लावावेत आणि बी-टाइपऐवजी क्षणिक उसळी जास्त सोसणारी सी-टाइपची, पण तेवढ्याच अँपिअरची एमसीबी घ्यावी. काही मिनिटांनी पडत असेल तर तो ओव्हरलोड आहे, आणि लोड दोन सर्किटांत वाटल्याशिवाय सुटका नाही. दोन्ही वेळा ३२ अँपिअरची एमसीबी बसवल्याने त्रास थांबतो हे खरे. तो का थांबतो, हे शेवटच्या टोकाला शॉर्ट झाल्यावर कळते.

वरच्याच वायरच्या टोकाला, स्टेजवर, फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले असे धरू. वायरचा रोध १.६ ओहम आणि मीटरच्या मागच्या पुरवठ्याचा ०.४ ओहम धरला, तर एकूण दोन ओहम होतात. म्हणजे शॉर्ट होऊनही करंट फक्त ११५ अँपिअर. ३२ अँपिअरची सी-टाइप एमसीबी तत्काळ पडण्याची खात्री ३२० अँपिअरला असते, आणि १६० च्या खाली तिचा चुंबकीय भाग हलतच नाही. उरतो तिचा तापून वाकणारा भाग, आणि त्याला इतक्या करंटला कित्येक सेकंद लागू शकतात. दीड एमएमच्या पीव्हीसी वायरचे तापमान मात्र ११५ अँपिअरला सुमारे सव्वादोन सेकंदांत इन्सुलेशनच्या सहनशक्तीपलीकडे जाते. एमसीबी पडण्याआधी वायर जळते, आणि तीही पडद्यांना लागून.

हेच गणित चार एमएमच्या वायरला करून पाहावे. रोध किलोमीटरला ४.९५ ओहम, म्हणून १२० मीटरचा सुमारे ०.६ ओहम, पुरवठ्यासह जेमतेम एक ओहम. शॉर्टचा करंट २३० अँपिअर होतो आणि १६ अँपिअरची सी-टाइप एमसीबी १६० अँपिअरलाच तत्काळ पडणारी असल्याने ती निश्चित पडते. चालू लोडवरचा दाबही आठ व्होल्टपेक्षा कमी घटतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, एवढ्या अंतराला जाड वायर ही चैन समजू नये. एमसीबीला तिचे काम करता यावे यासाठीची ती अट आहे.

शॉकबाबतचा मुद्दा सर्वांत घातक आहे. एमसीबी वायरचे रक्षण करते. माणसाच्या शरीरातून जाणारे काही दशांश अँपिअर जीव घेण्यास पुरेसे असतात आणि ते १६ अँपिअरच्या एमसीबीला जाणवतही नाहीत. एकट्या रॉडनेही काम होत नाही. दिवे टांगण्याच्या लोखंडी सांगाड्याला, म्हणजे ट्रसला, फेज लागला आणि रॉडचा भूरोध २० ओहम असला, तर जमिनीत साडेअकरा अँपिअर जातात. एमसीबी पडत नाही आणि ट्रस जवळजवळ पूर्ण दाबाखाली राहतो. जमिनीत गळणारा करंट ओळखणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र याच स्थितीत क्षणार्धात पुरवठा तोडते. ट्रस, स्टेजचे पाइप आणि दिव्यांची धातूची कवचे अर्थला जोडलेली हवीत, आणि पुढे ही आरसीसीबी हवीच.

ती विनाकारण पडते म्हणून तिला वगळणारे वायरमन आहेत. प्रत्येक ड्रायव्हरच्या फिल्टरमधून थोडी गळती होतेच. बरेच दिवे एकाच आरसीसीबीवर घेतले की ती बेरीज १५ मिलिअँपिअरपलीकडे जाते, आणि तिथून पुढे ती पडू शकते. स्टेज, प्रेक्षकांचे दिवे आणि स्वयंपाक यांना वेगवेगळ्या आरसीसीबी द्याव्यात. पावसानंतरच पडू लागली असेल तर ओला जोड शोधावा.

पुरवठा जनरेटरवर वळवल्यावर एक गोष्ट मुद्दाम तपासावी लागते. जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसेल, तर ट्रसला फेज लागूनही गळतीचा मार्ग पूर्ण होत नाही आणि आरसीसीबी स्वस्थ बसते. तिच्यावरचे टेस्टचे बटण दाबून समाधान मानू नये, कारण ते बटण गळतीचा छोटा करंट यंत्राच्या आतच घडवते. त्यातून यंत्र चालते एवढेच कळते. अर्थची वायर ट्रसपर्यंत जोडलेली आहे की नाही आणि जनरेटरचा न्यूट्रल बांधलेला आहे की नाही, हे परवानाधारक वायरमनकडून मीटरने मोजूनच पाहावे लागते.