‘मी’ खुशाल लिहा, पण क्रियापद तपासून

“रेझ्युमेत ‘आम्ही’ लिहू नका. हॅकेथॉनमध्ये टीमने जे केलं ते सगळं ‘मी केलं’ म्हणूनच लिहा. पेटंट फाइल झालं की ‘पेटंटधारक’ लिहायलाही हरकत नाही. कोण तपासतंय?”

रेझ्युमेबद्दलच्या या सल्ल्यातली ‘आम्ही’बद्दलची तक्रार रास्त आहे. ‘आम्ही ॲप बनवलं’ वाचून समोरच्याला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. पण तिथे ‘मी’ टाकल्यानेही कळत नाही, कारण घोळ सर्वनामात नसून ‘बनवलं’मध्ये आहे.

समजा, चौघांनी 36 तासांत एक प्रोटोटाइप केला: फोन खिशात असताना माणूस पडला तर घरच्यांना इशारा जातो. रेझ्युमेत ओळ आली, ‘पडणं ओळखणारी प्रणाली विकसित केली, अचूकता 95%’. प्रत्यक्षात ॲपचा पडदा एकाचा, इशारा पाठवणारा सर्व्हर दुसऱ्याचा, चाचणीच्या नोंदी तिसरीच्या. ओळ लिहिणाऱ्याने ॲक्सेलरोमीटरचे आकडे वाचून ‘पडला की नाही’ हे ठरवणारा भाग लिहिला. मग तेवढंच लिहायचं: ‘चौघांच्या टीममध्ये पडणं ओळखण्याचा भाग माझा.’ हे कमी वाटेल, पण मुलाखतीत याच्यावर अर्धा तास बोलता येतं. ‘विकसित केली’वर सर्व्हरचा पहिला प्रश्न आला की तोंड बंद.

त्यापुढे निर्णय येतो, आणि बहुतेक जण नेमका तोच गाळतात. इथे मशीन लर्निंगचं मॉडेल न वापरता साधे नियम लावले: आधी क्षणभर वजन हरपल्यासारखी घट, लगेच मोठा धक्का, मग काही सेकंद स्थिरता. कारण? पडण्याच्या नोंदी हाताशी नव्हत्या आणि वेळ नव्हता. हेच लिहा. मागाहून ‘बॅटरी वाचवण्यासाठी’ असं भारदस्त कारण चिकटवलं, तर पुढचा प्रश्न ‘किती वाचली?’ असा येतो आणि मोजलेलं काहीच नसतं. वेळेअभावी घेतलेला निर्णय हाही निर्णयच. सोडलेला पर्याय आणि तो सोडण्याचं खरं कारण सांगता आलं की पुरे.

आता त्या 95 टक्क्यांकडे बघा. चाचणीत 200 नोंदी होत्या आणि त्यांतल्या 10 मध्येच माणूस पडला होता. प्रोग्रामने 8 पडणी पकडली, 2 सोडली आणि 8 वेळा खोटा इशारा दिला. चुका 10, म्हणजे अचूकता 95%. पण कधीच इशारा न देणारा प्रोग्रामही याच नोंदींवर 190 वेळा बरोबर ठरतो, त्याचीही अचूकता 95%! म्हणून ‘10 पैकी 8 पकडली, 190 पैकी 8 खोटे इशारे, पडणी टीममधल्यांनीच गादीवर मुद्दाम केलेली’ असं लिहावं. शेवटचा तुकडा कबुलीजबाबासारखा वाटतो, पण जाणकार वाचक आधी तोच शोधतो.

कोण तपासतंय? कोडची लिंक तुम्हीच दिलेली असते. रिपॉझिटरी उतरवून घेतलेल्याला एवढं पुरतं:

```
git shortlog -sn HEAD
```

कोणाच्या नावावर किती कमिट, हे समोर येतं. हा निवाडा नेहमी न्याय्य नसतो, कारण दोघांनी एकाच लॅपटॉपवर बसून काम केलं तर एकाचंच नाव दिसतं. तसं असेल तर कमिटच्या संदेशात `Co-authored-by:` ही ओळ त्याच वेळी घालावी.

पेटंटचा सल्ला मात्र सरळ चुकीचा आहे. अर्ज दाखल होणं, प्रसिद्ध होणं आणि पेटंट मंजूर होणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. प्रसिद्धी साधारणपणे पहिल्या अर्जापासून 18 महिन्यांनी होते. मंजुरी त्यानंतरच्या तपासणीवर अवलंबून असते आणि कधी मिळतच नाही. अमेरिकेच्या किंवा युरोपच्या क्रमांकाच्या शेवटी `A1` असेल तर तो नुसता प्रसिद्ध झालेला अर्ज. मंजूर पेटंटाला `B1` किंवा `B2` लागतं. `WO`ने सुरू होणारा क्रमांक तर कधीच पेटंट नसतो, तो आंतरराष्ट्रीय अर्ज असतो. सार्वजनिक शोधयंत्रात हे मिनिटभरात दिसतं.

मंजुरीनंतरही ‘धारक’ चुकू शकतं. हक्क बऱ्याचदा कंपनीकडे किंवा संस्थेकडे असतो, तुम्ही संशोधक म्हणून नोंदलेले असता. आणि दुसऱ्याने पूर्ण सुचवलेली कल्पना नुसती कोडमध्ये उतरवली असेल तर संशोधकही नाही. तेव्हा ‘सहसंशोधक, तिघांपैकी एक, अर्ज दाखल, मंजुरी बाकी, धक्क्यानंतरची स्थिरता तपासण्याची कल्पना माझी’ असं लिहावं.

अर्ज अजून प्रसिद्ध झाला नसेल तर कल्पनेचा तो तुकडाही गाळा आणि काय लिहिता येईल ते अर्ज करणाऱ्याला विचारा. पहिल्या तात्पुरत्या अर्जात नसलेली सुधारणा रेझ्युमेतून जगजाहीर झाली, तर नावीन्य गेलं म्हणून तिच्यावरचा दावा बऱ्याच देशांत बाद होऊ शकतो.