शनिवार-रविवार हिशेबात धरू नका

सोमवार ते शुक्रवार तुम्ही जे करता त्याला तोड नाही. पावाला लावायचं लोणी तुम्ही काट्यावर मोजता. 5 ग्रॅम ठरलंय आणि काटा 7 दाखवतो, तर सुरीच्या टोकाने 2 ग्रॅम परत डब्यात. ही शिस्त अशीच ठेवा. फक्त शुक्रवारी संध्याकाळी काटा कपाटात ठेवायला विसरू नका. सुट्टीच्या दिवशी मोजमाप करणं बरं दिसत नाही, आणि न मोजलेलं अंगाला लागत नाही, हे तर तुम्हाला माहीत आहेच.

खादाडपणा करा असं मी म्हणत नाही. खादाडपणा आठवणीत राहतो. तुम्ही नेहमीचीच जेवणं जेवा, फक्त हात जरा सैल सोडा. समजा, आहे ते वजन टिकवायला तुम्हाला दिवसाला 2200 कॅलरी लागतात आणि शनिवारची जेवणं बरोबर तेवढ्यात बसली. आता कढईत तेल चमच्याने न घालता बाटलीनेच धरा. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे 120 कॅलरी, त्यामुळे दोन चमचे जास्त पडलं की 240 झाल्या. गंमत म्हणजे ताटात काहीच जास्त दिसत नाही. गप्पा मारता मारता दोन मुठी सुका मेवा, त्याच्या साडेतीनशे. अर्धा लिटर गोड शीतपेय, साधारण 210. ते प्यायचं असतं, म्हणून खाण्यात धरू नका. रात्री थोडंसं आइस्क्रीम, 200. झाल्या की हजार! भूक भागल्यासारखंही वाटलं नाही. रविवारी हेच पुन्हा करा.

पाच दिवस 1800 खाऊन तुम्ही रोज 400 वाचवल्या होत्या, म्हणजे आठवड्याच्या 2000. दोन दिवसांत बरोबर 2000 जास्त गेल्या. सातही दिवस 2200 खाल्ले असते तरी बेरीज हीच, 15400. पण मग ते लोणी खरवडण्याचं समाधान कुठून मिळालं असतं?

सोमवारी उठल्याबरोबर वजन करा. दीड किलो वाढलेलं दिसेल. इथे घाबरायचं आणि दिवसभर उपाशी राहायचं, म्हणजे संध्याकाळी दिसेल ते खाता येतं. दीड किलो चरबी चढायला साडेअकरा हजारांच्या आसपास कॅलरी जास्त खाव्या लागतात आणि आपण तर 2000च खाल्ल्या, असला विचार मनात आणू नका. वाढलेलं बहुतेक पाणीच असतं. खारट खाल्लं की शरीर पाणी धरतं, पिष्टमय पदार्थ जास्त खाल्ले की ते ग्लायकोजेन म्हणून साठतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर अंदाजे 3 ग्रॅम पाणी. शिवाय पोटात अजून असलेलं अन्न. शुक्रवारपर्यंत हे सगळं निघून जातं. तेव्हा सोमवारच्या आकड्यातून शुक्रवारचा वजा करा आणि ‘दर आठवड्याला दीड किलो उतरतं’ असं चारचौघांत सांगा. गेल्या चार शुक्रवारांचे आकडे शेजारी शेजारी मांडू नका. ते सारखेच निघतील आणि मग विनाकारण वजनकाटा बदलावा लागेल.

माझ्या ओळखीत एक बाई आहेत, त्या आठवड्याचं एकच बजेट धरतात. गरज तुमच्याइतकीच, 2000 ची तूट धरून आठवड्याला 13400. पाच दिवस 1750 खातात, त्याच्या 8750. उरलेल्या 4650 दोन दिवसांना. शनिवारी कुणाकडे जेवायला गेल्या तर 2800 खाऊन येतात आणि रविवार 1850 मध्ये बसवतात. सोमवारी उपास नाही, रडारड नाही. कसलं नीरस आयुष्य!

तुम्हाला ही पद्धत वापरायचीच असेल तर जोरात वापरा. पाच दिवस हजार-हजारवर काढा, म्हणजे सुट्टीला 8400 उरतात. गुरुवारी रात्री साडेअकराला तुम्ही फ्रिजचं दार उघडं टाकून उभ्याउभ्या चीज खात असाल, पण कागदावर हिशेब चोख असेल. (इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, आणि उपाशी राहणं व अधाशासारखं खाणं या फेऱ्यात एकदा अडकलेल्यांनी असे आकडे वरखाली करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. एवढं एक वाक्य उपरोधाने घेऊ नका.)

बाकीच्यांनी रविवारी रात्री बारापर्यंत जागावं. पावणेबाराला अ‍ॅपमध्ये लाल अक्षरांत उणे चौदाशे दिसत असतात. बाराला दिवस बदलतो, लाल जाऊन हिरवं येतं, आणि पूर्ण 1800 शिल्लक. कालचं कुणी विचारत नाही.